बारशाचं पाकीट अठरा वर्षांनी उघडलं तर...

बारसं म्हटलं की पाळणा, घुगऱ्या, आत्याने कानात सांगितलेलं नाव आणि आजी-आजोबांनी आईच्या हातात दिलेलं पाकीट. पेण असो की रोहा, बऱ्याच घरांत या पाकिटातले पैसे खर्च करायचे नाहीत असा अलिखित नियम असतो. 'पोरीच्या नावावर टाक, अठराची झाली की तिला मिळतील,' असं म्हणून त्याची एफडी होते आणि पावती कपाटात जाते. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर अशी एखादी पावती असेलही. कित्येकांना ती अजून माहीतसुद्धा नसेल.

ही फक्त घरगुती हौस राहिलेली नाही. आपल्या राज्य सरकारनेही गेल्या बारा-तेरा वर्षांत मुलींसाठी हाच प्रयोग तीन वेगवेगळ्या प्रकारे केला. अमेरिकेने २०२५ मध्ये कायदाच केला, की २०२५ ते २०२८ या काळात जन्मणाऱ्या अमेरिकन बाळाच्या खात्यात सरकार एकदाच हजार डॉलर टाकणार. म्हणजे कल्पना सगळीकडे सारखीच आहे. जन्माच्या वेळी एकरकमी पैसे ठेवा, हात लावू नका, मूल सज्ञान झालं की त्याच्या हातात द्या.

पण 'हात लावू नका' म्हणजे नक्की काय? पैसे अठरा वर्षं पडून राहिले की आपोआप वाढतात, हे अर्धंच खरं आहे. मधल्या काळात त्यांचं काय काय होऊ शकतं, ते आपल्याच राज्यातल्या योजनांच्या आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका बँकेच्या उदाहरणातून बघू या.

२१,२०० चे एक लाख

१ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्र सरकारने 'सुकन्या योजना' सुरू केली. केंद्राची पोस्टात किंवा बँकेत उघडायची 'सुकन्या समृद्धी' वेगळी. ती २०१५ मध्ये आली आणि त्यात पालक स्वतःचे पैसे भरतात. राज्याची सुकन्या दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलींसाठी होती. मुलगी जन्मली की सरकार तिच्या नावाने २१,२०० रुपये आयुर्विमा महामंडळाकडे, म्हणजे एलआयसीकडे ठेवणार आणि अठरा पूर्ण झाल्यावर तिला एक लाख रुपये मिळणार. अट अशी, की तोपर्यंत तिचं लग्न झालेलं नसावं आणि ती दहावी पास असावी.

२१,२०० हा आकडा विचित्र वाटतो ना? पंचवीस हजार का नाही, वीस का नाही? कॅल्क्युलेटर घेतला तर कोडं सुटतं. वर्षाला ९ टक्के चक्रवाढ धरली तर २१,२०० रुपयांचे अठरा वर्षांनी बरोबर एक लाख होतात. म्हणजे शेवटचा आकडा आधी आणि सुरुवातीचा नंतर, असं हे गणित बसतं.

आता तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले असते तर? सुमारे ७१,६०० झाले असते. आणि ६ टक्क्यांनी? साधारण साडेसाठ हजार. व्याजदरात तीन टक्क्यांचा फरक आणि शेवटी हातात चाळीस हजार कमी! एक-दोन वर्षांच्या एफडीत हा फरक जाणवत नाही, पण अठरा वर्षांत तो इतका फुगतो. म्हणूनच बारशाच्या पाकिटासाठी पहिला प्रश्न 'किती रुपये?' हा नसून 'किती टक्क्यांनी आणि तो दर किती वर्षं पक्का?' हा आहे. बँकेची एफडी बहुतेक ठिकाणी फार तर दहा वर्षांसाठी घेता येते. पुढची आठ वर्षं त्या वेळी जो दर असेल तो मिळणार. कपाटातल्या पावतीवरचा दर अठरा वर्षं तोच राहणार, असं धरून चालता येत नाही.

दुसरी गोष्ट महागाईची. ही सगळ्यांना माहीत असते, पण कुणी मोजत नाही. महागाई वर्षाला सरासरी ६ टक्के धरली तर २०३२ मधल्या एक लाखाची किंमत २०१४ च्या हिशेबात साधारण ३५ हजार येते. तरी मुलगी फायद्यातच आहे, २१ हजारांचे खऱ्या अर्थाने ३५ हजार झालेच. पण 'पाचपट झाले' आणि 'पावणेदोनपटीच्या आसपास झाले' यात फरक आहे. ६ टक्क्यांची एफडी आणि ६ टक्के महागाई असेल, तर अठरा वर्षांनी मूल तिथेच उभं असतं, फक्त नोटांची गड्डी जाड झालेली असते.

मध्ये हात लावला की काय होतं

२०१६ मध्ये सुकन्येच्या जागी 'माझी कन्या भाग्यश्री' आली आणि १ ऑगस्ट २०१७ पासून तिचे नियम बदलले. आता उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साडेसात लाख झाली, त्यामुळे मध्यमवर्गीय घरंही आली. एका मुलीनंतर आई किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर मुलीच्या नावावर ५० हजार, दोन मुलींनंतर केली तर प्रत्येकीच्या नावावर २५ हजार. रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून राहणार. मात्र या योजनेत एक खिडकी उघडी ठेवलेली होती. मुलगी सहा वर्षांची झाली की तोवरचं व्याज काढता येतं, बारा वर्षांची झाली की पुन्हा त्या सहा वर्षांचं व्याज काढता येतं आणि अठराव्या वर्षी मुद्दल आणि शेवटचं व्याज.

कल्पना चांगली वाटते. पहिलीत प्रवेश घेताना दप्तर-गणवेशाला पैसे, पुढे माध्यमिक शाळेला पैसे. पण गणित काय म्हणतं? ५० हजार, ७ टक्के दर, वर्षाला एकदा चक्रवाढ, असं सोपं उदाहरण घेऊ.

हात न लावता ठेवले तर सहा वर्षांनी सुमारे ७५ हजार, बारा वर्षांनी १ लाख १२ हजार ६०० आणि अठरा वर्षांनी १ लाख ६९ हजार. आता टप्प्याटप्प्याने बघा. पहिल्या सहा वर्षांत वाढ झाली २५ हजारांची, दुसऱ्या सहा वर्षांत साडेसदतीस हजारांची आणि शेवटच्या सहा वर्षांत ५६ हजारांपेक्षा जास्त. दर तोच, मुदत तीच, तरी शेवटचा टप्पा पहिल्याच्या दुपटीहून मोठा. कारण तोपर्यंत आधीचं व्याजही कमवायला लागलेलं असतं.

आता तीच रक्कम, पण सहाव्या आणि बाराव्या वर्षी व्याज काढून घेतलं. मग प्रत्येक टप्प्याला ठेव पुन्हा ५० हजारांवरून सुरू होते आणि प्रत्येक वेळी २५ हजारच मिळतात. तीन टप्प्यांचं व्याज झालं ७५ हजार. एकूण घरात आले सव्वा लाख आणि त्यातले अठराव्या वर्षी मुलीच्या हातात पडणार फक्त ७५ हजार. न काढता ठेवले असते तर १ लाख ६९ हजार मिळाले असते.

याचा अर्थ व्याज काढणाऱ्या पालकांनी चूक केली असा नाही. ज्या घरात जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी उधारी करावी लागते, तिथे सहाव्या वर्षीचे २५ हजार अठराव्या वर्षीच्या ५६ हजारांपेक्षा जास्त कामाचे असू शकतात. पण निवड करताना तिची किंमत माहीत असली पाहिजे. 'मुद्दल तर तसंच आहे ना!' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मुद्दल खरंच तसंच असतं. वाढ मात्र व्याजावरच्या व्याजातून येत असते, आणि तेच आपण उचललेलं असतं.

पेणने शिकवलेला धडा

दर चांगला आहे, कुणी हात लावलेला नाही. मग सगळं ठीक? हा प्रश्न पेणमध्ये विचारून बघा. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक ही इथली जुनी, घरातलीच वाटणारी बँक. गणपतीच्या कारखानदारापासून पेन्शनरपर्यंत सगळ्यांची खाती तिथे. बोगस कर्जखात्यांमधून पैसे बाहेर गेल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले. लाखाहून जास्त ठेवीदार अडकले. नंतरची कितीतरी वर्षं संघर्ष समिती, मोर्चे, कोर्टाच्या तारखा यात गेली. आपल्यातल्या अनेकांनी 'पेण अर्बन' हे शब्द पहिल्यांदा घरातल्या मोठ्या माणसांच्या काळजीच्या सुरात ऐकले असतील.

आता आपलं मघाचंच उदाहरण इथे लावू. समजा, २००४ मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या नावाने ५० हजार ठेवले आणि दर ७ टक्केच होता. २०१० मध्ये बँक थांबली तेव्हा तिचे ७५ हजार झालेले होते. ते बुडाले नाहीत आणि कधीतरी पूर्ण परत मिळाले असं धरलं, तरी चक्र थांबलं सहाव्या वर्षी. वाढीचे मोठे टप्पे म्हणजे नंतरची बारा वर्षं, सुमारे ९४ हजार रुपयांची. ते कधी सुरूच झाले नाहीत. दोन-तीन महिन्यांत पैसे परत मिळाले असते तर ते दुसरीकडे ठेवता आले असते. अडकून राहण्याचा खरा फटका हाच, आणि सगळ्यात लांब मुदतीच्या ठेवीला तो सगळ्यात जास्त बसतो.

त्यानंतर दोन नियम बदलले आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, ठेवीदाराला पैसे देतं. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरलं जातं. दुसरा बदल २०२१ चा. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत किंवा ती अवसायनात जाईपर्यंत विम्यासाठी थांबावं लागायचं. नुसते निर्बंध असले तर पैसेही नाहीत आणि विमाही नाही, अशी त्रिशंकू अवस्था. आता निर्बंध घातल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

आणखी एक बारकावा. पालक म्हणून अज्ञान मुलाच्या नावाने ठेवलेली ठेव विम्यासाठी पालकाच्या स्वतःच्या ठेवीपासून वेगळी मोजली जाते. आईची साडेचार लाखांची एफडी आणि मुलीच्या नावाची दीड लाखाची एफडी एकाच बँकेत असली तरी दोन्ही पूर्ण सुरक्षित. पण आईने ती दीड लाखाची एफडीही स्वतःच्याच नावावर केली आणि मनात 'ही पोरीची' असं ठरवलं, तर एकूण सहा लाख होतात आणि वरचे एक लाख विम्याबाहेर जातात. मनातलं नाव विमा महामंडळाला दिसत नाही.

आणि हे सगळं फक्त बँकांना लागू आहे. तालुक्याच्या गावात ओळखीची पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त व्याज देते, एजंट घरी येतो, चहा घेतो, पावती देऊन जातो. पण पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचं हे विमा संरक्षण नाही. वर्षभराची ठेव असेल तर माणूस संस्थेवर नजर ठेवतो. अठरा वर्षांची ठेव मात्र विसरण्यासाठीच ठेवलेली असते. म्हणून तिथे अर्धा टक्का जास्त की विमा, याचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायला हवा.

अठरावा वाढदिवस आणि हरवलेली पावती

समजा, दर बरा मिळाला, कुणी व्याज काढलं नाही, बँकही टिकली. तरी शेवटचा टप्पा उरतोच. ज्याच्यासाठी पैसे ठेवले त्याला ते आहेत हे माहीत तर पाहिजे!

ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या मुलांना सरकारने 'चाइल्ड ट्रस्ट फंड' दिला. सुरुवातीला बहुतेकांना २५० पौंड, गरीब घरातल्यांना ५००. पालकांनी खातं उघडलं नाही तर सरकारच उघडायचं. सप्टेंबर २०२० पासून ही मुलं अठराची व्हायला लागली आणि लक्षात आलं की लाखो तरुण पैसे न्यायला आलेलेच नाहीत. घर बदललं, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, आईवडील विसरले. आणि गंमत म्हणजे, ज्यांची खाती सरकारला उघडावी लागली होती त्यांना आपलं खातं आहे हेच माहीत नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आपल्याकडे हे कसं घडतं? अठरा पूर्ण झाली की अज्ञान म्हणून असलेल्या खात्यावर पालकांची सही चालत नाही. मुलाला स्वतः बँकेत जाऊन नव्याने केवायसी करावं लागतं. फोटो, आधार, पॅन आणि स्वतःच्या सहीचा नमुना द्यावा लागतो. इथे एक नेहमीची अडचण येऊ शकते. बारशाच्या आठवड्यात घाईघाईत उघडलेल्या ठेवीवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, दहावीच्या मार्कशीटवर स्पेलिंग तिसरंच. ठेवीवर 'चिऊ' आणि आधारवर 'चिन्मयी' असेल तर ती एकच मुलगी आहे हे सिद्ध करण्यात चपला झिजतात.

आणि कुणी गेलंच नाही तर? दहा वर्षं कुणी हक्क न सांगितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करतात. पैसे जप्त होत नाहीत, नंतरही मागता येतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. पण त्यावर प्रामुख्याने मोठ्या बँका आहेत. छोट्या सहकारी बँकेतली ठेव असेल, तर त्या बँकेत प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं बरं.

लेक लाडकी : ठेव की आश्वासन?

आता सध्याच्या योजनेकडे येऊ. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरांसाठी. अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत करायचा. मुलगी जन्मली की ५ हजार, पहिलीत गेली की ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार.

आधीच्या दोन योजनांत आणि हिच्यात एक मूलभूत फरक आहे. सुकन्या आणि भाग्यश्रीत पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून संस्थेकडे ठेवले जायचे. लेक लाडकीत मुलीच्या नावावर सुरुवातीला अशी ठेव नाही. अठराव्या वर्षीचे ७५ हजार त्या वर्षीच्या सरकारी तिजोरीतून यायचे आहेत. पहिल्या मुली अठराच्या होतील २०४१ मध्ये.

२०४१ मध्ये ७५ हजार मिळण्यासाठी २०२३ मध्ये किती बाजूला ठेवावे लागले असते? ७ टक्के दराने सुमारे २२,२०० रुपये. म्हणजे २०१४ च्या सुकन्येत मोजलेल्या २१,२०० च्या अगदी जवळचा आकडा! या ७५ हजारांपुरती सरकारवरची ओझ्याची रक्कम जवळपास तीच राहते, फक्त ती जन्माच्या वेळीच भरायची की २०४१ च्या सरकारवर सोपवायची, हा प्रश्न आहे. हप्त्यांची पद्धत वाईट नाही. शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर पैसे मिळाले तर मुलगी शाळेत टिकायला मदत होते. पण ठेवीच्या बाबतीत पालक पावती दाखवून मागू शकतो. आश्वासनाच्या बाबतीत त्याला दरवर्षीच्या अर्थसंकल्पाकडे बघत राहावं लागतं. आणि एका दशकात तीन योजना बदललेल्या आपण पाहिल्याच आहेत.

त्यामुळे या दिवाळीत घरी गेलात की दोन कामं करा. आईला विचारा, माझ्या नावावर लहानपणी काही ठेवलं होतं का, कुठल्या बँकेत, कुठल्या नावाने? पावती मिळाली तर आधार, पॅन घेऊन शाखेत जा. आणि घरात २०१४ नंतर जन्मलेली चुलत किंवा मामेबहीण असेल, तर तिच्या आईला विचारा की ती सुकन्येत आहे, भाग्यश्रीत आहे की लेक लाडकीत. ठेवीचा कागद असेल तर त्याचा फोटो काढून कुटुंबातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सुकन्येतल्या पहिल्या मुली २०३२ मध्ये अठराच्या होणार आहेत आणि तेव्हा तो कागद कुठे आहे हे कुणाला तरी आठवायला हवं.